एकाच ब्रँडची जाहिरात, चार खाती: अहवालात खर्चाची वाटणी कशी दाखवायची?

सुरंगी (देवगड)

नमस्कार मंडळी. आमचा घरचा धंदा आहे आणि गेली तीन वर्षं हिशेब माझ्याकडे आहेत. एकाच नावाखाली चार कामं चालतात. मोठे भाऊजी हापूस बघतात, काजूगराचा कारखाना काकांकडे आहे, कोकम आगळ, आमसुलं, आंबापोळी हे सासूबाई आणि मी बघतो, आणि तारकर्लीला धाकटे भाऊजी आठ खोल्यांचं निवास चालवतात. प्रत्येकाचं खातं वेगळं आहे आणि वर्षअखेर ज्याच्या खात्यात शिल्लक त्याप्रमाणे वाटा मिळतो.

गेल्या वर्षी पहिल्यांदाच आम्ही नावाची अशी एकत्र जाहिरात केली. कणकवलीजवळ हायवेवर होर्डिंग, चार एसटी स्टँडवर पाट्या, एक व्हिडिओ आणि तो इन्स्टाग्राम-युट्यूबवर चालवण्याचा खर्च, शिवाय गुगलवर कोणी आमचं नाव शोधलं तर वर दिसणारी जाहिरात. सगळं मिळून ६ लाख रुपये. यात एखाद्याच मालाची म्हणून वेगळी केलेली जाहिरात धरलेली नाही, ती ज्याच्या त्याच्या खात्यात आधीच टाकली आहे.

मला घाई होती म्हणून मी सहाचे सरळ चार भाग केले, प्रत्येकी दीड लाख. आता झालंय असं की निवासाची सगळे खर्च वजा जाऊन शिल्लक होती १ लाख ३० हजार. त्यातून दीड लाख गेले आणि अहवालात २० हजार तोटा दिसायला लागला. काका म्हणतात तोट्यातलं काम बंद करा. धाकटे भाऊजी तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. चूक माझ्या वाटणीत असेल तर मला ती दुरुस्त करायची आहे.

वर्षाची विक्री अशी: हापूस ४८ लाख, काजूगर ३६ लाख, कोकम आणि आंबापोळी २४ लाख, निवास १२ लाख. विक्रीच्या प्रमाणात वाटलं तर बरोबर होईल का?

डिजिटल_दापोली

ताई, विक्रीच्या प्रमाणात वगैरे जुनी पद्धत झाली. गुगल अ‍ॅड्समध्ये सगळं दिसतं. कॅम्पेन उघडा, `Segment` मध्ये `Conversions`, त्यात `Conversion action`. आंब्याची ऑर्डर, काजूची ऑर्डर, रूमचं बुकिंग असं वेगवेगळं येईल. ज्याला जितकी कन्व्हर्जन्स, त्याला तितका खर्च. यात भांडायला जागाच उरत नाही.

कातळ (राजापूर)

दापोलीकर, तो तक्ता एकदा स्वतः उघडून बघा. कन्व्हर्जन अ‍ॅक्शनने फोड केली की कन्व्हर्जनचे आकडे फुटतात, खर्चाचा रकाना फुटत नाही. क्लिकला पैसे गेले तेव्हा तो माणूस आंबा घेणार की खोली, हे गुगललाही माहीत नव्हतं. एकाच क्लिकवरून आलेला माणूस आंबाही घेईल आणि मे महिन्यात खोलीही. तेव्हा कन्व्हर्जनच्या प्रमाणात वाटणं ही तुम्ही निवडलेली पद्धत झाली. गुगलने मोजून दिलेला तो आकडा नव्हे.

आणि सुरंगीताईंच्या सहा लाखांत गुगलचे किती? होर्डिंगचं भाडं त्या तक्त्यात कुठून येणार? शिवाय हापूसच्या पेट्या लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फोनवर मागवतात. वेबसाइटवर पैसे भरणारा गिऱ्हाईक बहुधा काजू नाहीतर आगळ घेणारा. ऑनलाइन नोंद होते त्याच मालावर खर्च टाकलात तर ज्याचे व्यवहार नीट नोंदले जातात त्याला शिक्षा, आणि फोनवर धंदा करणारा सुटतो.

ताई, तुमच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, पण आधी एक सांगा. ४८ लाखांचा सगळा आंबा तुमच्या नावाच्या पेटीत जातो का? आणि ३६ लाखांचे काजूगर तुमच्या नावाच्या पाकिटात?

डिजिटल_दापोली

खर्चाचा रकाना फुटत नाही हे बरोबर, आत्ता बघितलं. पण माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. नुसतं नाव शोधणारे वेगळे आणि "नाव + हापूस", "नाव + तारकर्ली रूम" असं शोधणारे वेगळे. त्यांचे वेगळे अ‍ॅड ग्रुप केले की प्रत्येक अ‍ॅड ग्रुपचा खर्च वेगळा दिसतो. तेवढा भाग तरी वाटणीत कशाला घ्यायचा?

कातळ (राजापूर)

हे शंभर टक्के मान्य. तेवढा खर्च सामाईक नाहीच, तो ज्याचा त्याला लावायचा. मागे वाटायला उरतं ते नुसत्या नावाच्या शोधाचं.

वाडीवरची (गुहागर)

आमच्या गटाचा अनुभव सांगते, कारण याच कामात आमची मोठी फजिती झाली. आम्ही पापड, मसाले आणि सरबत करतो. नावाचं एकच कॅम्पेन होतं, १८ हजारांचं. ज्या मुलाने ते लावून दिलं त्याने त्यावर तीन लेबलं टाकली, पापड, मसाले आणि सरबत. महिनाअखेरीला मी लेबलनिहाय अहवाल काढून शीटमध्ये आणला आणि खाली बेरीज केली. प्रत्येक लेबलसमोर पूर्ण १८ हजार, बेरीज ५४ हजार!

बँकेतून गेले १८ आणि कागदावर ५४. बैठकीत दोघीजणी उठून म्हणाल्या, बाकीचे ३६ हजार कुठे आहेत? मला तिथे उत्तर देता आलं नाही. दोन दिवस झोप नव्हती. शेवटी माझ्या भाच्याने दाखवलं की लेबल खर्च वाटत नाही, ते नुसती खूण करतं. एका कॅम्पेनवर तीन खुणा असतील तर तिन्हीकडे पूर्ण खर्च येतो. तेव्हापासून मी अहवालाच्या शेवटच्या ओळीत आधी बिलाची रक्कम लिहिते आणि बेरीज त्याच्याशी जुळल्याशिवाय कागद कोणाला दाखवत नाही.

सुरंगी (देवगड)

वाडीवरच्या ताई, वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडेही लेबलं आहेत, बघते.

कातळ, तुमचा प्रश्न वाचून खातेवही उघडली. ४८ लाखांपैकी साधारण १८ लाखांचा आंबा वाशीला दलालाकडे जातो. तिथे आमच्या नावाला काही अर्थ नाही, भाव आवकेवर ठरतो. आमच्या नावाच्या पेटीतून घरोघरी जातो तो ३० लाखांचा. काजूगराचं तर आणखी वेगळं. ३६ पैकी ३० लाखांचा माल दहा-दहा किलोच्या डब्यांतून घाऊक व्यापाऱ्यांना जातो, ते पुढे स्वतःच्या नावाने विकतात. आमच्या पाकिटातला काजू फक्त ६ लाखांचा. कोकम-आंबापोळी सगळी आमच्याच नावाने, २४ लाख. निवासही आमच्याच नावाने, १२.

कातळ (राजापूर)

मग तुमचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. मी पंचवीस वर्षं मुंबईत साबण-तेलाच्या कंपन्यांच्या हिशेबखात्यात काढली. तिथेही दरवर्षी भांडण याच जागी व्हायचं. एकूण विक्री हा वाटणीचा आधार सोपा असतो, पण जाहिरात ज्या नावाची आहे त्या नावाने जो माल विकलाच जात नाही त्याला तो खर्च लावून चालत नाही. काकांच्या घाऊक डब्याला होर्डिंगचा उपयोग शून्य.

म्हणून आधार घ्या नावाने झालेल्या विक्रीचा. ३० + ६ + २४ + १२ म्हणजे ७२ लाख. सहा लाख त्या प्रमाणात वाटले तर हापूसला अडीच लाख, काजूला ५० हजार, कोकम-आंबापोळीला दोन लाख आणि निवासाला एक लाख येतात. एकूण विक्रीवर वाटले असते तर काजूला १ लाख ८० हजार आले असते, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त.

आता ही वाटणी न्याय्य आहे की नाही हे तपासायची एक कसोटी आहे, ती मला सगळ्यात खात्रीची वाटते. प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा, बाबा रे, बाकीचे तिघे नसते आणि तुला एकट्याला तुझ्या गिऱ्हाइकापर्यंत इतकंच नाव पोचवायचं असतं, तर किती खर्च केला असतास? त्याने होर्डिंगवाल्याचा दर विचारून, गेल्या वर्षीची बिलं बघून आकडा द्यायचा, मनाने नाही. एकट्याने केला असता त्याहून जास्त खर्च सामाईक वाटणीत कोणाच्याही डोक्यावर आला, तर तो माणूस बाकीच्यांचा खर्च उचलतोय. एकत्र येण्यात त्याचा तोटाच झाला.

हे आकडे काढून आणा, मग पुढे बोलू.

शेजघर (मालवण)

मीही निवास चालवतो म्हणून बोलतो. निवासाचे १२ लाख पूर्ण धरणं मला पटत नाही. आमच्याकडे निम्म्याहून जास्त पाहुणे बुकिंगच्या साइटवरून येतात. त्यांनी ना होर्डिंग बघितलेलं असतं ना व्हिडिओ. त्यांना तारकर्लीत बीचजवळ खोली हवी असते, साइट फोटो दाखवते, ते घेतात. आणि त्यासाठी आम्ही साइटला कमिशन देतो, म्हणजे गिऱ्हाईक आणण्याचे पैसे एकदा मोजून झालेले असतात. त्याच पाहुण्यावर परत ब्रँडचा खर्च कसा टाकता? काकांचा घाऊक काजू वगळता, मग भाऊजींच्या साइटवरच्या खोल्याही वगळा.

कातळ (राजापूर)

मुद्दा वजनाचा आहे. पण फरकही आहे. व्यापाऱ्याच्या डब्यावर सुरंगीताईंचं नाव नसतंच. साइटवर मात्र नाव असतं, आणि होर्डिंगवर तेच नाव वाचलेला माणूस दहा निवासांच्या यादीत ओळखीच्या नावावर थांबतो. हे किती वेळा घडतं ते मोजता येत नाही. मी असतो तर नाव दिसतं तिथे विक्री धरली असती.

शेजघर (मालवण)

दिसतं म्हणून धरायचं हे मला नाही पटत. यादीत पहिली नजर भावावर आणि रेटिंगवर जाते, आम्ही रोज बघतो. असो, ताईंनी भाऊजींनाच विचारावं.

तिमाही (रत्नागिरी)

मी सीए आहे. वाटणी कशी करायची हा प्रश्न इथे आहे का? कायद्यात उत्तर दिलेलं आहे. ताजा आंबा जीएसटीतून मुक्त, बाकीचा माल करपात्र. जाहिरातीवर भरलेला १८ टक्के जीएसटी आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेता येतो, तेच क्रेडिट. इथे ते सामाईक होतं आणि जीएसटीच्या नियम ४२ प्रमाणे करमुक्त विक्री भागिले एकूण विक्री या प्रमाणात तेवढं क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे विक्रीचं प्रमाण हाच आधार.

कातळ (राजापूर)

तिमाही, ती वाटणी क्रेडिटची झाली. ताई विचारतायत चार खात्यांच्या शिलकीची. नियम ४२ सरकारला किती क्रेडिट परत द्यायचं ते सांगतो. काकांना किती खर्च लावायचा हे घरातल्यांनी ठरवायचं असतं. तिथे वाशीचा आंबाही करमुक्त विक्रीत मोजावा लागतो, इथे तो आपण मुद्दाम वगळला. दोन्हींचे आधार वेगळे असले तरी काही बिघडत नाही.

पण तुमच्या मुद्द्यातून एक कामाची गोष्ट निघते. परत केलेलं क्रेडिट हा खर्च होतो, तो कोणाच्या खात्यात?

तिमाही (रत्नागिरी)

बरोबर, प्रश्न मी वेगळा समजलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र देता येईल. सहाच्या सहा लाखांच्या बिलांवर जीएसटी लागला असेल तर तो १ लाख ८ हजार. १२० लाखांत ४८ लाख करमुक्त म्हणजे ४० टक्के, म्हणून ४३,२०० रुपयांचं क्रेडिट परत जाईल. खोल्यांवर क्रेडिट न घेण्याच्या अटीचा दर लावत असाल तर ती विक्रीही करमुक्ताच्या बाजूला मोजली जाते आणि आकडा वाढतो. हा खर्च ज्या विक्रीमुळे उभा राहिला तिच्या खात्यात टाकावा असं माझं मत. आंबा नसता तर हे क्रेडिट परत करावंच लागलं नसतं.

आणि एक, गुगलच्या स्क्रीनवर दिसणारा खर्च जीएसटी सोडून असतो, बिलात जीएसटी वेगळा लागतो. स्क्रीनवरचा आकडा बँकेशी जुळवायला गेलात तर कधीच जुळणार नाही.

रापण (मालवण)

मी काय हिशेबातलो माणूस न्हय. पण माका एक सांग गो. उद्या तारकर्लीचा निवास बंद केलास, तर त्या हायवेवरच्या पाटयेचा भाडा कमी होतला काय?

कातळ (राजापूर)

रापणकाका, मी एवढं लांबलचक लिहीत होतो आणि नेमकं हेच राहून गेलं होतं.

ताई, हे काकांना कागदावर मांडून दाखवा. निवास बंद झालं तर होर्डिंग तेवढंच राहणार, व्हिडिओ झालेला आहे, पाट्या त्याच राहणार. सहा लाखांतला एक रुपया कमी होणार नाही. कमी होईल ती निवासाची १ लाख ३० हजारांची शिल्लक. आज निवासावर टाकलेले दीड लाख उद्या उरलेल्या तिघांवर येतील, म्हणजे प्रत्येकी दोन लाख. काकांचाच वाटा ५० हजारांनी वाढेल. मग पुढच्या वर्षी आणखी कोणीतरी तोट्यात दिसेल आणि तेही बंद करा म्हणतील. एका कंपनीत मी हे होताना बघितलंय. दोन वर्षांत तीन उत्पादनं बंद झाली आणि जाहिरातीचा खर्च होता तेवढाच राहिला.

म्हणून अहवालाची मांडणी बदला. प्रत्येक खात्यात आधी विक्री, मग ते काम थांबवलं तर जे खर्च थांबतील ते सगळे, आणि तिथे एक रेघ मारून शिल्लक लिहा. निवासाची तिथे १ लाख ३० हजार दिसेल. काम चालू ठेवायचं की नाही याचा निर्णय त्या रेघेवरच्या आकड्यावरून घ्यायचा. रेघेखाली "नावाच्या जाहिरातीतला वाटा" म्हणून वेगळी ओळ. ती घरातला नफा वाटायला उपयोगी आहे, काम बंद करायला नाही.

सुरंगी (देवगड)

चार दिवस लागले, पण सगळ्यांशी बोलून आले.

एकट्याने केलं असतं तर किती, हे विचारल्यावर भाऊजींनी हापूससाठी ३ लाख सांगितले. त्यात व्हिडिओ आला. सासूबाईंनी आणि मी मिळून कोकम-आंबापोळीचे अडीच लाख काढले. धाकट्या भाऊजींनी प्रामाणिकपणे २ लाख सांगितले, म्हणाले खोल्यांसाठी हायवेवरची पाटी मी एकटा असतो तरी लावलीच असती. काका म्हणाले, सहा लाखांच्या पाकिटांसाठी मी ५० हजारांच्या वर गेलोच नसतो. बेरीज ८ लाख. एकत्र केल्यामुळे दोन लाख वाचले हे तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग माझी दीड-दीड लाखांची वाटणी त्या आकड्यांशेजारी ठेवली. काकांकडून मी ५० हजारांच्या जागी दीड लाख घेतले होते! आणि तेच काका निवास बंद करा म्हणत होते. मला खूप वाईट वाटलं. अन्याय त्यांच्यावर झाला होता आणि त्यांना तो दिसलाही नव्हता.

दापोलीकरांच्या सूचनेवरून बिलंही परत चाळली. सहा लाखांत ६० हजारांचा एक खर्च निघाला जो सामाईक नाहीच. व्हिडिओतून फक्त आंब्याची पेटी उघडण्याचा तुकडा कापून मार्च-एप्रिलमध्ये मुंबई-पुण्यात चालवला होता. तो हापूसला लावला. उरले ५ लाख ४० हजार, ते ७२ लाखांवर. म्हणजे नावाने झालेल्या विक्रीच्या साडेसात टक्के. हापूसला २ लाख २५ हजार अधिक ते ६० हजार, असे २ लाख ८५ हजार. काजूला ४५ हजार, कोकम-आंबापोळीला १ लाख ८० हजार, निवासाला ९० हजार. बेरीज बरोबर ६ लाख, आणि कोणीही एकट्याच्या आकड्याच्या वर नाही. निवासाची शिल्लक वाटा जाऊनही ४० हजार राहते.

साइटवरच्या पाहुण्यांबद्दल धाकट्या भाऊजींना विचारलं. म्हणाले, वहिनी, यंदा बाराच धरा, पण दारात येणाऱ्या प्रत्येकाला आमचं नाव कुठे बघितलंत हे मी विचारून वहीत लिहीन. पुढच्या वर्षी वहीवरून ठरवू.

आता एक नवी अडचण. काकांना दर महिन्याचा अहवाल हवा आहे. मी महिन्याच्या विक्रीवर वाटणी करून बघितली तर जुलैत विचित्र होतं. आंबा शून्य. पावसात किल्ल्याच्या होड्या बंद, त्यामुळे निवास जवळजवळ रिकामं. होर्डिंगचं भाडं चालूच. सगळा भार कोकम आणि काजूवर येतो.

कातळ (राजापूर)

महिन्याच्या विक्रीवर कधीच वाटू नका. जुलैत लावलेलं होर्डिंग एप्रिलच्या पेटीसाठीही काम करत असतं. टक्के वर्षाच्या सुरुवातीला एकदाच ठरवा आणि बाराही महिने तेच लावा. तुमच्या आकड्यांवरून हापूस ४१.७, काजू ८.३, कोकम-आंबापोळी ३३.३, निवास १६.७. जुलैत हापूसच्या खात्यात विक्री शून्य आणि जाहिरातीचा वाटा मात्र दिसेल. भाऊजी कुरकुर करतील, त्यांना सांगा की एप्रिल-मेमध्ये त्यांची विक्री जोरात असतानाही वाटा तेवढेच टक्के राहील.

आणि टक्के आकडे हातात यायच्या आधी ठरवा, सगळ्यांच्या सह्या घेऊन. वर्षअखेरीला शिल्लक बघून टक्के ठरवायला बसलात तर प्रत्येकाला स्वतःच्या सोयीचा आधार सापडतो.

शीटमध्ये असं ठेवा. `Kharch` पानावर प्रत्येक बिलाची एकच ओळ, A मध्ये महिना, B मध्ये `SAMAIK` किंवा त्या खात्याचं नाव, C मध्ये रक्कम. `Vata` पानावर B2 पासून B5 पर्यंत चौघांचे टक्के, `41.7%` असे % चिन्हासह. अहवालाच्या A रकान्यात महिना, B ते E मध्ये चौघांचे सामाईक वाटे. हापूसच्या रकान्यात:

```
=SUMIFS(Kharch!$C:$C, Kharch!$A:$A, $A2, Kharch!$B:$B, "SAMAIK") * Vata!$B$2
```

बाकीच्या तिघांना `$B$3`, `$B$4`, `$B$5`. F मध्ये त्या महिन्याच्या सामाईक बिलांची बेरीज, बिलं हातात घेऊन टाइप केलेली. G मध्ये ताळा:

```
=ROUND(SUM(B2:E2) - F2, 0)
```

इथे ० सोडून काहीही आलं तर थांबा. रक्कम बिलाच्या दुप्पट-तिप्पट येत असेल तर वाडीवरच्या ताईंचा प्रकार झालाय, एकच बिल दोन ओळींत शिरलंय. कमी येत असेल तर बहुधा `SAMAIK` च्या पुढे रिकामी जागा पडलीय किंवा महिना वेगळ्या पद्धतीने लिहिलाय. फरक बिलाच्या अठरा टक्क्यांएवढा असेल तर एकीकडे जीएसटीसह आणि एकीकडे जीएसटीशिवाय रक्कम धरलीय.

वाडीवरची (गुहागर)

हा ताळ्याचा रकाना मी आजच आमच्या शीटला जोडला. मागच्या महिन्यासमोर ० आला!

सुरंगी (देवगड)

काल अहवाल नव्या मांडणीत ठेवला. काकांनी आधी रेघेवरचे आकडे बघितले, मग रेघेखालचे. निवास बंद करण्याचा विषय त्यांनीच मागे घेतला. धाकट्या भाऊजींनी जेवताना मला सोलकढी वाढली, तेवढं मला पुरे.

पण मोठ्या भाऊजींनी एक विचारलं ते मला सोडवता आलेलं नाही. यंदा मोहोर उशिरा आला आणि मध्येच अवकाळी पाऊस झाला. नावाच्या पेट्या ३० लाखांऐवजी १५ लाखांच्याच झाल्या तर? टक्के आधी ठरलेले म्हणून हापूसने ४१.७ टक्केच भरायचे का?

कातळ (राजापूर)

माझ्या मते भरायचे. जाहिरात करताना सगळ्यांनी हापूसकडून तेवढीच अपेक्षा धरली होती, आणि पाऊस पडला म्हणून कोकमवाल्यांनी जास्त भार का उचलावा? फक्त पुढच्या वर्षीचे टक्के एका वर्षाच्या विक्रीवरून न काढता तीन वर्षांच्या सरासरीवरून काढा, म्हणजे एक वाईट हंगाम किंवा एक भरघोस हंगाम टक्के फारसे हलवणार नाही.

शेजघर (मालवण)

मला हे जाचक वाटतं. आंबा झाडावरच राहिला तर पेटी विकलीच गेली नाही, मग नावाचा फायदा कसला? कंपनीत ठीक आहे, घरात ज्याचं पीक गेलं त्याच्याकडून तेवढेच टक्के घ्यायचे हे मला करवणार नाही. निम्मी वाटणी ठरलेल्या टक्क्यांवर आणि निम्मी प्रत्यक्ष विक्रीवर असं काही करता येईल.

तिमाही (रत्नागिरी)

निम्मं-निम्मं करायचं तर तेही आधी लिहून ठेवा. आणि महिन्याचे अहवाल ठरलेल्या टक्क्यांवर चालवून मार्चअखेरीला एकदाच फरकाची नोंद करा, नाहीतर दर महिन्याला मागचे आकडे बदलत राहतील.

रापण (मालवण)

आंबो गेलो तर घरातल्यांनी एकमेकांक सांभाळूचा. पण ता सांभाळल्याचा अहवालात वेगळा लिवा. जाहिरातीच्या वाट्यात मिसळू नकात.

सुरंगी (देवगड)

रापणकाका, हे मी तसंच्या तसं घरी वाचून दाखवते. रविवारी भाऊजी वाशीहून येतायत, तेव्हा टक्क्यांच्या कागदावर सह्या होतील. वाईट हंगामाचं कलम अजून कोरं ठेवलंय.